शून्याखालचे पाणी आणि एन्ट्रॉपीचा हिशेब

नागपूरच्या ज्या महाविद्यालयात मी भौतिकशास्त्र शिकवते, तेथे बी.एस्सी. प्रथम वर्षाला येणाऱ्या विद्यार्थ्यांना एन्ट्रॉपीविषयी दोन गोष्टी आधीच पाठ असतात. एन्ट्रॉपी म्हणजे अव्यवस्था, ही एक. आणि एन्ट्रॉपीतील बदल म्हणजे उष्णता भागिले तापमान, ही दुसरी. दोन्ही वाक्ये ते एकाच उत्तरात एकाखाली एक लिहितात, परंतु ती दोन्ही एकाच राशीविषयी काही सांगत असतील तर एखाद्या प्रसंगी त्यांची उत्तरे जुळतात की नाही, हे तपासून पाहण्याची वेळ त्यांच्यावर सहसा येत नाही. गेल्या एप्रिलमध्ये प्रयोगशाळेत ती वेळ आली आणि त्या दिवशीची चर्चा मला सविस्तर नोंदवून ठेवावीशी वाटते.

प्रयोग तसा साधा होता. सीताबर्डीहून थर्माकोलच्या पेटीत आणलेला बर्फ फोडून त्यात मीठ मिसळले आणि त्या मिश्रणात ऊर्ध्वपातित पाण्याची एक स्वच्छ परीक्षानळी उभी केली. नळीत 10 ग्रॅम पाणी होते आणि त्यात डिजिटल तापमापीचा बारीक दांडा सोडलेला होता. पाणी स्वच्छ असेल, नळीच्या काचेवर ओरखडे नसतील आणि नळी हलवली नाही, तर पाणी शून्य अंश सेल्सिअसखाली जाऊनही द्रवरूपच राहते, कारण स्फटिक वाढायला आधी स्फटिकाचा एक पुरेसा मोठा कण तयार व्हावा लागतो आणि तो आपोआप तयार होणे या तापमानाला दुर्मीळ असते. बाहेर ऊन तापलेले आणि प्रयोगशाळेत कूलरची घरघर चालू असताना तापमापी −6 दाखवत होती आणि नळीतले पाणी नेहमीसारखेच स्वच्छ, वाहते दिसत होते. नळी अलगद उचलून थर्माकोलच्या ठोकळ्यातील खाचेत ठेवली आणि वरून बर्फाचा मोहरीएवढा कण टाकला. त्या कणापासून सुयांसारखे स्फटिक काही क्षणांत नळीभर पसरले आणि तापमापीवरचा आकडा −6 वरून चढत शून्यावर येऊन थांबला.

पाणी गोठताना तापमान चढते, हे पाहून विद्यार्थी चकित होणार याची मला कल्पना होती. पण काटोलहून येणाऱ्या एका विद्यार्थ्याने जो प्रश्न विचारला, त्याने प्रयोगाचे महत्त्वच बदलले. तो म्हणाला, “मॅडम, बर्फात रेणू जाळीत बसलेले असतात, म्हणजे व्यवस्था वाढली. मग एन्ट्रॉपी कमी झाली असे लिहायचे का? पण हे तर आपोआप घडले.” त्यावर त्याच्या शेजारी बसलेल्या मुलीने वहीकडे बघत सांगितले, “आणि नळी थर्माकोलमध्ये आहे. बाहेरून उष्णता आली नाही, बाहेर गेली नाही. q शून्य असेल तर ΔS पण शून्यच यायला पाहिजे.”

एकाच नळीविषयी आता तीन उत्तरे फळ्यावर होती. अव्यवस्थेच्या चित्रानुसार एन्ट्रॉपी घटली, सूत्रानुसार ती बदललीच नाही, आणि उष्मागतिकीच्या दुसऱ्या नियमानुसार, बाहेरच्या जगापासून तोडलेल्या वस्तूत काही आपोआप घडले असेल, तर ती वाढलीच पाहिजे. यांपैकी तिसरे उत्तर बरोबर आहे हे मी तेव्हा सांगितले नाही. ते विद्यार्थ्यांनी आकड्यांतून काढावे असे मला वाटले, कारण नियमाचा हवाला देऊन मिळालेल्या उत्तराने पहिली दोन उत्तरे का चुकली हे कळत नाही.

आधी आम्ही सूत्राकडे वळलो. रुडॉल्फ क्लॉझियसने 1865 मध्ये एन्ट्रॉपी ही राशी मांडली तेव्हा भागाकारातील उष्णतेवर एक अट होती आणि ती अट आपण घाईत गाळतो: ती उष्णता रिव्हर्सिबल मार्गाने, म्हणजे प्रत्येक टप्प्यावर समतोल राखत आणि कोणत्याही क्षणी उलट फिरवता येईल अशा रीतीने दिलेली किंवा घेतलेली असली पाहिजे. आमच्या नळीत जे घडले ते तसे मुळीच नव्हते. एकदा स्फटिक पसरू लागल्यावर ते अर्ध्यावर थांबवून मागे नेता आले नसते. त्यामुळे प्रत्यक्षात आत-बाहेर झालेली उष्णता शून्य आहे म्हणून एन्ट्रॉपीतील बदल शून्य, असे म्हणण्याचा अधिकार सूत्र आपल्याला देत नाही. मात्र एन्ट्रॉपी ही अवस्थेवर अवलंबून असणारी राशी आहे. सुरुवातीची आणि शेवटची अवस्था ठरली की तिच्यातील बदल ठरतो, मग आपण त्या दोन अवस्थांना कोणत्याही मार्गाने जोडले तरी चालते. म्हणून प्रत्यक्ष घडलेला मार्ग सोडून द्यायचा, त्याच दोन टोकांना जोडणारा एक रिव्हर्सिबल मार्ग कागदावर रचायचा आणि त्या मार्गावर भागाकार करायचा.

असा मार्ग विद्यार्थ्यांनी स्वतःच सुचवला. पहिल्या टप्प्यात −6 अंशाचे पाणी द्रवरूपातच ठेवून, हळूहळू उष्णता देत शून्य अंशापर्यंत आणायचे. पाण्याची विशिष्ट उष्णता 4.2 ज्यूल प्रति ग्रॅम प्रति अंश धरली, तर 10 ग्रॅमला 6 अंश चढवायला 252 ज्यूल लागतात. दुसऱ्या टप्प्यात तेवढीच 252 ज्यूल उष्णता शून्य अंशाला काढून घ्यायची, म्हणजे एकूण हिशेबात बाहेरून काहीच आलेले नसेल आणि आपण नेमके नळीतल्या शेवटच्या अवस्थेला पोहोचू. बर्फाची सुप्त उष्णता ग्रॅममागे 334 ज्यूल असल्याने या काढून घेतलेल्या उष्णतेने सुमारे 0.75 ग्रॅम पाणी गोठते. ही संख्या पाहून काहींना आश्चर्य वाटले, कारण नळी पूर्ण गोठल्यासारखी दिसत होती. परंतु ती तिरपी केल्यावर सुयांच्या जाळीतून भरपूर पाणी ओघळताना दिसले.

आता भागाकार. पहिल्या टप्प्यात तापमान 267 केल्विनपासून 273 केल्विनपर्यंत बदलत जाते, त्यामुळे काटेकोरपणे येथे लॉगॅरिदम घ्यावा लागतो, पण अंतर एवढे लहान आहे की मधले 270 केल्विन घेऊन भागले तरी चालते. 252 भागिले 270 म्हणजे 0.933 ज्यूल प्रति केल्विन, एवढी एन्ट्रॉपी वाढली. दुसऱ्या टप्प्यात 252 भागिले 273 म्हणजे 0.923, एवढी घटली. निव्वळ बदल 0.010 ज्यूल प्रति केल्विन, आणि तो वाढीच्या बाजूचा.

या वजाबाकीपाशी मी वर्गाला बराच वेळ थांबवले, कारण दुसऱ्या नियमाचे सगळे मर्म तिच्यात आहे. दोन्ही टप्प्यांत उष्णता तीच आहे, 252 ज्यूल; ज्यूलमध्ये हिशेब केला तर बाकी शून्य राहते. फरक केवळ एवढाच की ती घेतली गेली शून्याखालच्या, म्हणजे कमी तापमानांना आणि सोडली गेली 273 ला. कमी तापमानाला आलेला प्रत्येक ज्यूल एन्ट्रॉपीत अधिक भर घालतो. पाणी शून्याखाली कितीही थोडे गेलेले असले, तरी मधले तापमान 273 पेक्षा कमीच राहणार, म्हणून ही बाकी नेहमी धनच येणार. काचेच्या नळीनेही थोडी उष्णता शोषली होती आणि आम्ही ती सोडून दिली होती. ती धरली तर गोठलेला भाग थोडा वाढतो, पण काचही त्याच तापमानांतून वर चढत असल्याने चिन्ह बदलत नाही.

सूत्राचे समाधान झाले, तरी काटोलच्या विद्यार्थ्याचा प्रश्न उरलाच होता. बर्फ तर खरोखरच तयार झाला होता. मग वाढली ती कोणती अव्यवस्था? अस्ताव्यस्त खोलीचे जे चित्र पुस्तकांतून आणि वर्गांतून सर्रास दिले जाते, ते मला येथे अपायकारक वाटते, कारण त्यामुळे विद्यार्थी फक्त वस्तू कोठे ठेवल्या आहेत हे पाहू लागतात. रेणूंच्या बाबतीत मोजायचे असते ते वेगळे: बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या एका अवस्थेत रेणूंच्या जागा आणि त्यांच्यातील ऊर्जेची वाटणी मिळून एकूण किती प्रकारे असू शकते. बोल्ट्झमनच्या व्हिएन्नातील समाधीवर कोरलेले S = k log W हे सूत्र याच मोजणीचे आहे; W म्हणजे अशा प्रकारांची संख्या आणि k हा बोल्ट्झमनचा स्थिरांक.

या मोजणीतून पाहिले तर नळीत दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या. सुमारे 0.75 ग्रॅम पाण्याचे रेणू जाळीत अडकले आणि त्यांच्या मांडणीचे प्रकार पुष्कळ कमी झाले. अव्यवस्थेचे चित्र एवढेच पाहते. पण जाळीत बसताना रेणूंमधील बंध घट्ट झाले, त्यातून ऊर्जा मोकळी झाली आणि ती नळीतील सर्व रेणूंच्या हालचालीत वाटली गेली. तापमापीचा चढता आकडा हीच वाटणी दाखवत होता. अधिक ऊर्जा अधिक प्रकारे वाटता येते, आणि ही वाढ जाळीमुळे झालेल्या घटीपेक्षा किंचित अधिक होती. ती किंचित वाढ म्हणजेच आमचे 0.010. तापमानाने भागणे याच ठिकाणी अर्थपूर्ण होते: थंड वस्तूत ऊर्जा कमी वाटली गेलेली असते, म्हणून तिला दिलेल्या एका ज्यूलने प्रकारांची संख्या ज्या पटीने वाढते, ती पट तोच ज्यूल गरम वस्तूला दिल्यास लहान होते.

“पण मॅडम, 0.01 म्हणजे काहीच नाही,” असे मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, तेव्हा त्यालाच k च्या किमतीने, म्हणजे 1.38 × 10⁻²³ ज्यूल प्रति केल्विनने भागायला सांगितले. उत्तर सुमारे 7 × 10²⁰ आले आणि ते प्रकारांच्या संख्येच्या गुणोत्तराचे केवळ नैसर्गिक लॉगॅरिदम आहे. ती गुणोत्तराची संख्या दशमान पद्धतीत लिहायची झाली तर तिच्यातील अंकांची संख्याच तीनावर वीस शून्यांच्या घरात जाईल. नळीतले पाणी आपोआप पुन्हा −6 अंशाच्या द्रवाकडे का परतत नाही, याचे उत्तर त्या संख्येत होते.

तास संपण्यापूर्वी त्या मुलीने आणखी एक प्रश्न काढला: नळी थर्माकोलमध्ये न ठेवता −6 अंशावर टिकवलेल्या मिश्रणातच राहू दिली असती आणि सगळे पाणी गोठले असते तर? येथे q शून्य नाही आणि पाण्याची एन्ट्रॉपी खरोखर घटते. बर्फाची विशिष्ट उष्णता 2.1 धरून त्यांनी तोच कागदी मार्ग वापरला: द्रव शून्यापर्यंत तापवा, गोठवा, बर्फ पुन्हा −6 पर्यंत थंड करा. 10 ग्रॅमसाठी घट 11.76 ज्यूल प्रति केल्विन आली. मिश्रणाला मिळालेली उष्णता 3214 ज्यूल, तिला 267.15 ने भागल्यावर 12.03 आले. दोहोंची बाकी 0.27, पुन्हा धन. या वेळी वाढ नळीत नव्हती, मीठ-बर्फाच्या मिश्रणात होती, आणि ती शोधण्यासाठी हिशेबाची सीमा नळीच्या काचेबाहेर न्यावी लागली.