सातव्या चौकटीतला बाण

पाण्याच्या बाटलीच्या झाकणाविषयी साठ सेकंदांचा माहितीपट करण्याचे काम आमच्याकडे आले होते. बाटली चांगली होती, परंतु काही महिन्यांच्या वापरानंतर तिला वास येतो अशी ग्राहकांची तक्रार होती. झाकणाच्या आत आट्यांवर बसवलेला एक लहान आतला भाग असतो आणि त्याच्या कडेला एक रबरी रिंग असते. हा भाग उघडून रिंग काढायची आणि धुवायची असते, हेच बहुतेकांना ठाऊक नव्हते. व्हिडिओने तेवढे एक काम करायचे होते : झाकण उघडणे, आतला भाग सोडवणे, रिंग काढून धुणे आणि ती पुन्हा योग्य बाजूने बसवणे.

संहिता मंजूर झाल्यावर मी आणि आमच्या चित्रकार सहकारी यांनी चौदा चौकटींचा स्टोरीबोर्ड तयार केला. प्रत्येक चौकटीखाली शॉटचा प्रकार, कॅमेऱ्याची जागा, निवेदनाची ओळ आणि सेकंद लिहिले होते. चित्रीकरण तीन दिवसांवर आले होते. फिरवण्याच्या दिशा दाखवणारे बाण नंतर चित्रावर बसवायचे असल्याने चौकटी त्याच दिवशी ग्राफिक्सचे काम करणाऱ्यांकडे जाणार होत्या. पाठवण्यापूर्वी माझी एक नेहमीची तपासणी असते. ती वस्तू कधीही न हाताळलेल्या माणसासमोर चौकटी ठेवायच्या, निवेदन वाचून दाखवायचे नाही आणि चित्रे पाहून त्याला काम करायला सांगायचे. त्या दिवशी हिशेब पाहणारे एक सहकारी तयार झाले.

सहावी चौकट वरून पाहिलेली होती. झाकणाचे वर्तुळ आणि त्यावर घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेचा बाण. सहकाऱ्यांनी आटे जेमतेम सैल केले आणि सातव्या चौकटीकडे पाहिले. ही चौकट समोरून, झाकणाच्या उंचीवरून काढलेली होती. त्यांनी क्षणभर थांबून हात उलटा फिरवला आणि म्हणाले, "हे तर आणखी घट्ट बसतंय." मला वाटले की त्यांचे लक्ष नाही. त्यांनी चौकटीवर बोट ठेवून दाखवले, तेव्हा कळले की चित्राने सांगितले तेच ते करत होते.

चूक कशी झाली हे समजायला आम्हाला पाऊण तास लागला. वरून पाहताना झाकण घड्याळाच्या उलट फिरत असेल, तर वर्तुळाची चित्रातली वरची कड डावीकडे सरकते आणि खालची कड उजवीकडे. समोर उभे राहून पाहणाऱ्याला दिसते ती मात्र खालची, म्हणजे जवळची कड. म्हणून समोरच्या शॉटमध्ये झाकणाचा दर्शनी पृष्ठभाग डावीकडून उजवीकडे जायला हवा. चित्रकार बाईंच्या डोळ्यांसमोर सहाव्या चौकटीतली वरची कड होती, तिथे बाण डावीकडे वळला होता आणि तीच डावी दिशा त्यांनी सातव्या चौकटीत झाकणाच्या पुढून काढली. दोन्ही चित्रे सुटी पाहिली तर निर्दोष वाटत होती. मी स्वतः ती दोनदा तपासली होती, पण प्रत्येक वेळी चौकट वाचली होती, बाटली हातात घेतली नव्हती. हात चुकीच्या दिशेने फिरल्याखेरीज ही चूक दिसत नाही, हे मला त्या दुपारी पटले.

केवळ बाण उलटा करणे हा सोपा उपाय होता, पण तो मला पुरेसा वाटला नाही. समोरून चित्रित केलेल्या माणसाचा उजवा हात पडद्यावर डावीकडे दिसतो, त्यामुळे पाहणाऱ्याला मनातल्या मनात सगळी कृती उलटवावी लागते. त्यात दोन शॉटमध्ये कॅमेरा वरून समोर उडी घेत असेल, तर दिशेचा हिशेब दुसऱ्यांदा करावा लागतो. मी असे सुचवले की झाकण, आतला भाग आणि रिंग यांच्या सर्व चौकटी एकाच ठिकाणावरून घ्याव्यात : काम करणाऱ्याच्या खांद्यामागून, तिरके खाली पाहत. मग पडद्यावरचे हात पाहणाऱ्याच्या हातांच्याच जागी येतात.

कोणत्या खांद्यामागून, हा प्रश्न फोनच्या कॅमेऱ्याने सोडवला. उजव्या खांद्यामागून पाहिले तर फिरवणाऱ्या हाताचे मनगट नेमके रिंगेवर येत होते. डाव्या खांद्यामागून रिंग पूर्ण दिसत होती. प्रकाशही डावीकडूनच घ्यायचा असे चौकटीत लिहिले, नाहीतर उजव्या हाताची सावली झाकणावर पडली असती. आणखी एक अडचण आपोआप सुटली. याच चित्रीकरणातून आडवी १६:९ आणि उभी ९:१६ अशी दोन रूपे काढायची होती. पूर्ण उंची राखून उभे रूप कापले, तर आडव्या चौकटीच्या रुंदीपैकी एक तृतीयांशाहूनही थोडा कमी भाग उरतो. जुन्या आराखड्यात बाटली डावीकडे आणि झाकण उजवीकडे होते, म्हणजे उभ्या रूपात दोन्ही अर्धवट कापली गेली असती. नव्या कोनातून दोन्ही हात आणि झाकण मधल्या पट्ट्यात आले.

संध्याकाळी चौकटी क्रमाने लावून आणि त्यांवर माझ्याच आवाजातले निवेदन ठेवून कच्चे अ‍ॅनिमॅटिक केले. तेव्हा वेळेचा दोष उघड झाला. रिंग बसवण्याची ओळ चार सेकंदांत वाचून होत होती, पण हाताला त्यासाठी अकरा-बारा सेकंद लागत होते. रिंग काढण्याची कृती मधे कट देऊन आखडता येते, कारण नखाने कड उचललेली दिसली आणि पुढच्या शॉटमध्ये रिंग तळहातावर दिसली, तर मधले काय झाले ते कोणालाही कळते. बसवताना मात्र तसे करता येत नाही. त्या रिंगेची एक बाजू सपाट आणि दुसरी बाजू बारीक ओठासारखी आहे. ती उलटी बसली तर बाटली गळते, आणि कोणती बाजू कुठे जाते हे कट दिलेल्या जागेतच हरवते. म्हणून त्या कृतीला सलग बारा सेकंद दिले. आधी क्लोज-अपमध्ये ओठाची बाजू बोटाने दाखवायची, मग न कापता तिला खाचेत पूर्ण फिरवत बसवायचे आणि ओळ संपल्यावर निवेदन गप्प ठेवायचे.

हे सेकंद कुठूनतरी काढणे भाग होते. धातूच्या दर्जाविषयीच्या तीन चौकटी मी काढून टाकल्या. ग्राहक कंपनीच्या प्रतिनिधींना ते आवडले नाही, आणि त्यांचे म्हणणे मी समजू शकत होतो, कारण दर्जा हे त्यांच्या अभिमानाचे कारण होते. मी त्यांना दोन्ही अ‍ॅनिमॅटिक दाखवली आणि त्यांच्या हातात बाटली दिली. पहिले पाहून त्यांनी रिंग उलटी बसवली. दुसरे पाहिल्यावर ती बरोबर बसली. त्यांनी समोरून हसऱ्या चेहऱ्याचा एक तरी शॉट हवा अशी अट घातली. तो आम्ही सुरुवातीला आणि शेवटी ठेवला, जिथे काहीही फिरवायचे नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या, आधी न दाखवलेल्या एका सहकारी बाईंना अकरा चौकटींचा आराखडा दिला. त्यांनी न विचारता झाकण उघडले, रिंग काढली, परत बसवली, पाणी भरले आणि बाटली उलटी धरली. एक थेंबही गळला नाही. त्यानंतरच चौकटी ग्राफिक्सकडे गेल्या, आणि प्रत्येक बाणाशेजारी चित्रकार बाईंनी लाल पेन्सिलीने एक नवी नोंद लिहिली होती : ही दिशा नेमकी कोठून पाहिली आहे.