‘व’ कुठे गेला? दोन भागांच्या कीबोर्डचे पहिले आठवडे

सोमवार, रात्री

आखाजी झाली, कोर्टाला सुट्टी लागली आणि वकील साहेबांकडचं काम निम्म्यावर आलं. मुद्दाम हीच वेळ धरून दोन भागांचा कीबोर्ड टेबलावर मांडला. खरेदीखतांच्या गर्दीत हा बदल झेपला नसता. संध्याकाळ झाली की मनगटाची करंगळीकडची बाजू ठणकते. डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम चालू आहेत, कीबोर्ड हे काही औषध नाही. पण सरळ कीबोर्डवर दोन्ही हात मधोमध आणले की मनगटं बाहेरच्या अंगाला वाकतात आणि दिवसभर तशीच राहतात. दोन भाग लांब ठेवले तर हात खांद्यातून सरळ पुढे येतात. मला हवं आहे ते एवढंच.

सासूबाई दारातून बघून म्हणाल्या, “हाई काय शे बाई? तुटी गयं का?”

आज दोन्ही भाग एकमेकांना चिकटवून, सपाट ठेवले. बटणांच्या ओळी जुन्यासारख्याच तिरक्या आहेत आणि आकड्यांची ओळ पूर्ण आहे. सरळ उभ्या रांगांचा छोटा बोर्ड घ्यायचं मनात होतं, पण मी टाइप करते त्या इनस्क्रिप्ट या मराठी अक्षरमांडणीत ‘ड’ चौकटी कंसाच्या बटणावर असतो आणि ‘क्ष’, ‘त्र’, ‘ज्ञ’ आकड्यांवर. छोट्या बोर्डावर बहुधा आकड्यांची ओळ नसते, बऱ्याचदा कंसही दुसरं एक बटण दाबून धरलं तरच मिळतो. दस्तात ‘क्षेत्र’ आणि ‘पत्र’ किती वेळा येतं ते लिहिणाऱ्यालाच माहीत.

गुरुवार

वेग मोजला. मराठी टायपिंगची मिनिटाला ४० शब्दांची परीक्षा पास होऊन वर्षं झाली, रोजच्या कामात तेवढा वेग सहज असतो. आज १८ वर आले. आकडा बघून पोटात गोळा आला खरा, पण नंतर तोच उतारा पुन्हा टाइप केला आणि बॅकस्पेस कुठे दाबावं लागतं त्याच्या खुणा कागदावर केल्या. तेव्हा चित्र बदललं. बहुतेक अक्षरं ठीक येत होती. खुणा तीन-चार ठिकाणीच दाटल्या होत्या.

सगळ्यात जास्त ‘व’ वर. इनस्क्रिप्टमध्ये ‘व’ इंग्रजी बीच्या बटणावर असतो. ते बटण कीबोर्डच्या ऐन मध्यावर, आणि माझा उजवा हात इतकी वर्षं ते पळवत आला. इथे ते डाव्या तुकड्यावर आहे. उजवं बोट जातं आणि मधल्या कडेवर आपटतं, नाहीतर शेजारचा ‘ल’ उमटतो. दस्ताच्या भाषेत तर ‘व’ शिवाय वाक्य सरकत नाही: ‘जमीन व त्यावरील विहीर’, ‘लिहून देणार व लिहून घेणार’. इंग्रजी टाइप करणाऱ्याला बी अधूनमधून लागतो, मराठीला ‘व’ पावलोपावली लागतो.

दुसरी जागा शिफ्टची. मी शिफ्ट नेहमी डाव्या करंगळीनेच धरते. इनस्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला असतात. ‘अ’, ‘आ’, ‘इ’, ‘ए’ असे सुटे स्वर शिफ्टसह डावीकडेच येतात. म्हणजे एकाच हाताची करंगळी शिफ्टवर आणि दुसरं बोट अक्षरावर. सरळ कीबोर्डवर तळहात थोडा फिरवून निभावतं. इथे हात जागेवर स्थिर असतो, त्यामुळे तो ताण लगेच जाणवतो. रोजचे तीन शब्द वहीत उतरवले:

```
आणि     = Shift+E, Shift+C, F
क्षेत्र   = Shift+7, S, Shift+6
व्यवहार = B, D, /, B, U, E, J
```

‘आणि’ची तिन्ही बटणं डावीकडे आहेत, पहिल्या दोघांना उजवी शिफ्ट लागते. ‘क्षेत्र’मध्ये ७ उजव्या तुकड्यावर, म्हणून डावी शिफ्ट, आणि ६ माझ्या बोर्डावर डावीकडे, म्हणून उजवी शिफ्ट. एका शब्दात शिफ्ट बदलावी लागते. ‘त्र’ साठी त, हलन्त, र असं टाइप केलं तरी तेच अक्षर उमटतं, सध्या मी तेच करते आहे.

पुढचा मंगळवार

आता बेत असा. सकाळी चहानंतर वीस मिनिटं आणि दुपारी वीस मिनिटं, नव्या कीबोर्डवर फक्त सराव. त्यात वेग मोजायचा नाही, चूक न करता हळू टाइप करायचं. अर्धा वेळ जुन्या दस्तांतल्या ‘व’च्या ओळी, उरलेला वेळ ‘आणि’, ‘असे’, ‘आहे’, ‘एकूण’. प्रत्येक वेळी शिफ्ट समोरच्या हाताची. चूक झाली की शब्द पहिल्यापासून, कारण घाईत चुकीचं बोट तीनदा गेलं तर हात तेच शिकतो.

त्याशिवाय पत्रं आणि नोटिशीचे मसुदे नव्यावर, खरेदीखतं जुन्यावर. कामाच्या प्रकारानुसार वाटणी केली आहे. एकाच दस्तात मध्येच कीबोर्ड बदलून बघितला तर पुढची पाच मिनिटं दोन्हींवर हात गोंधळले, ‘व’ कुठल्या हाताचा तेच ठरेना. ३० शब्द सलग काही दिवस टिकले की खरेदीखतंही नव्यावर आणायची आणि जुना कीबोर्ड कपाटात.

दोन्ही भागांतलं अंतरही एकदम वाढवायचं नाही. आधी चिकटून, मग दोन बोटांची फट, मग खांद्यांइतकं. आतल्या कडा वर उचलून तंबूसारखा उतार देणं सगळ्यात शेवटी. एका वेळी एकच गोष्ट बदलली तर दुखणं वाढलं की कशामुळे ते कळतं. गेल्या शुक्रवारी फट वाढवल्यावर उजवा खांदा भरून आला. बघते तर माऊस लांब सरकला होता, हात सारखा ताणून न्यावा लागत होता. माऊस जवळ घेतला, दोन दिवसांत खांदा हलका झाला. त्याच दिवशी उतारही दिला असता तर दोष त्याच्या माथी गेला असता.

शनिवार

आज पत्रांवर २७. खुणांच्या कागदावर ‘व’ जवळजवळ साफ आहे. आश्चर्य म्हणजे ‘व’ बसला तो सरावाच्या ओळींपेक्षा ‘व्यवहार’ने. त्यात डावीकडचं पहिलं बोट एकदा ‘व’वर जातं, मग हलन्त, मग पुन्हा ‘व’, आणि उजव्या हाताला मध्ये ‘य’चं काम असल्यामुळे त्याला ‘व’ पळवायला वेळच मिळत नाही. असे शब्द शोधून काढले: ‘विवाद’, ‘वसुली’, ‘सर्व्हे’, ‘वारसा’.

शिफ्ट मात्र अजून चुकते. ‘आ’ नीट येतो, पण लगेच ‘ण’ आला की उजवी करंगळी उचलली जाते आणि डावी धावते. काही बोर्डांवर बी दोन्ही अंगांना दिलेला असतो, म्हणजे ‘व’ची अडचणच येत नाही. माझ्यावर तसा नाही, आणि आता गरजही वाटत नाही. शिफ्टला मात्र तसा मधला मार्ग नाही.

सोमवारपासून फट हातभर करणार आहे. उताराला अजून हात लावायचा नाही. ठणका कमी आहे का हे नक्की सांगता येत नाही, कारण सुट्टीत टायपिंगच निम्मं आहे. कोर्ट सुरू होऊन पूर्ण दिवसाचं काम पडलं की कळेल. मुंग्या आल्या किंवा बोटं बधिर वाटली तर सराव थांबवून डॉक्टरांकडे जायचं, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे.