८८वर अडकलेला कायदा

*“सर, रोज तासभर तबल्यावर बसतो, लेहऱ्याची सुरावट लावूनच कायदा वाजवतो. तरी वर्ष झालं, मात्रेला चार अक्षरांची चौपट मिनिटाला ८८ मात्रांच्या पुढे सरकत नाही. रियाज अजून वाढवू का?”*

नका वाढवू. निदान महिनाभर तरी नको. प्रश्न विचारणारे बहुतेक जण मध्यमा परीक्षेच्या पातळीचे किंवा त्याच्या आसपासचे असतात. ठेके सुटलेले, चार-पाच कायदे, म्हणजे बोलांच्या बांधीव रचना, पलट्यांसकट पाठ, आणि नेमका सगळ्यात आधी शिकलेला कायदाच लय वाढवली की दगा देतो. ‘धाधातिट धाधातीना, ताताति‍ट धाधाधीना’. कितीही साधा वाटला तरी तो हात उघडा पाडतो, म्हणून त्याच्याच आधाराने सांगतो.

गेल्या वर्षी बँकेत नोकरी करणारे एक विद्यार्थी हीच तक्रार घेऊन आले. चाळिशीतला माणूस, रियाजात खंड नाही. मी तबला बाजूला ठेवायला लावला आणि म्हटलं, आधी तोंडाने म्हणा. लेहरा ११०वर नेला तरी त्यांची पढंत स्वच्छ. तोंड अडखळलं असतं तर दुखणं डोक्यात आहे असं समजलो असतो आणि पुन्हा टाळी-खालीपाशी गेलो असतो. तसं नव्हतं. बोल पक्के होते, अडत होता तो हात.

मग ८८ला वाजवायला सांगून मोबाइलवर रेकॉर्ड केलं आणि निम्म्या वेगाने ऐकवलं. पहिल्या दोन आवर्तनांतच त्यांना कळलं. ‘ट’ दबका, त्याच्यानंतरचा ‘धा’ उशिरा, आणि तो उशीर भरून काढायला पुढची दोन अक्षरं घाईत. समेवर मात्र दर वेळी बिनचूक हजर! म्हणून वर्षभर ऐकताना काही खटकलं नव्हतं. सम गाठली की मधली उधारी माफ, असं आपण सगळेच करतो.

आता तो ‘धा’ उशिरा का येतो ते बोटांत बघा. आमच्या बाजात ‘धा’ तर्जनीने चाटेवर, म्हणजे कडेला. ‘ति’ मधल्या बोटाने शाईवर, म्हणजे काळ्या गोलावर. ‘ट’ पुन्हा तर्जनीने, पण शाईवर. आणि लगेच पुढचा ‘धा’, तोही तर्जनीनेच, परत चाटेवर. म्हणजे या अख्ख्या चौकडीत मधल्या बोटाला एकच आघात आणि तर्जनीला एकट्याने सगळी धावपळ. ८८च्या चौपटीत मिनिटाला ३५२ अक्षरं होतात, सेकंदाला जवळजवळ सहा. शाईवरून चाटेवर यायला तर्जनीला जेमतेम सेकंदाचा सहावा भाग मिळतो. ठायीत, म्हणजे संथ लयीत, वाजवताना बोट दोन इंच उचललं तरी चालतं, कारण वेळ भरपूर असतो. वर्षभर तेच बोट तसंच उचलून हजारो वेळा घोटलं, की जे पक्कं होतं ते ठायीचं वाजवणं. त्याला नुसता वेग लावता येत नाही. जोर लावला की आधी मनगट ताठ होतं, मग कोपर, मग खांदा कानाकडे चढतो. या गृहस्थांचा श्वाससुद्धा तिसऱ्या आवर्तनात अडकलेला असायचा. रियाज वाढवला असता तर हा ताठपणाच वाढला असता.

म्हणून तोच कायदा वेगवेगळ्या बाजूंनी धरायला लावला.

पहिलं म्हणजे सुरुवात बदलली. नेहमी ‘धाधा’पासून वाजवल्याने सगळ्यात ताजा हात ‘धाधा’ला मिळतो आणि ‘तिट’ कायम उरल्यासुरल्यावर. तर ‘तिट’पासूनच सुरू करायचं: तिटधाधा तीनाताता, तिटधाधा धीनाधाधा. अक्षरं तीच सोळा, पण आता मात्रा ‘ति’वर पडते. पहिले दोन दिवस माणूस गांगरतो. आमच्या गृहस्थांची लय ६०वर घसरली आणि ते माझ्यावर थोडे नाराजही झाले.

दुसरं, लयीची जाती बदलली. मला स्वतःला हा उपाय सगळ्यात प्रिय आहे. चौपटीऐवजी तिस्र जाती, म्हणजे एका मात्रेत तीन अक्षरं घ्या: धाधाति, टधाधा, तीनाता, तातिट... तीनतालाच्या सोळा मात्रांत अठ्ठेचाळीस अक्षरं बसतात, म्हणजे कायदा बरोबर तीनदा पुरा होऊन समेवर येतो, तिहाईची जुळवाजुळव नको. गंमत दुसऱ्या मात्रेत आहे. तिथे ठोका थेट ‘ट’वर पडतो. जो ‘ट’ वर्षभर पोटात दडवून ठेवला होता, तोच मात्रेच्या तोंडावर येऊन उभा राहतो, लपवायला जागाच नाही. वेग कमी असल्यामुळे हात सैल ठेवून तो भरीव काढता येतो.

तिसरं, छोटा तुकडा मोठ्या लयीत. लेहरा थेट १००वर. एका मात्रेत ‘धाधातिट’, पुढच्या मात्रेवर फक्त ‘धा’, आणि चौथी मात्रा संपेपर्यंत गप्प. त्या गप्प वेळात खांदा खाली आहे का ते बघायचं. पाचच आघात असल्याने ताठ व्हायला सवड मिळत नाही, आणि बोट आपोआप कमी उंचीवरून परत यायला शिकतं. पाच अक्षरं सहज निघू लागली की नऊ, मग सतरा. एकदम आवर्तनभर वाजवायचा मोह आवरावा लागतो. तो बहुतेकांना आवरत नाही.

या तिन्हींवर सलग वीस-वीस मिनिटं द्यायची नाहीत, अदलाबदल करायची. पाच मिनिटं तिस्र, पाच मिनिटं तुकडा, मध्ये थोडा पेशकार, पुन्हा ‘तिट’पासूनचा कायदा. याला आधार आहे. १९७९ साली शे आणि मॉर्गन या दोन अमेरिकी अभ्यासकांनी हाताच्या हालचालींचे तीन क्रम लोकांना शिकवले. काहींना एकेक क्रम सलग घोटायला लावला, काहींना तिन्ही मिसळून. शिकताना सलगवाले पुढे होते, पण दहा दिवसांनी पुन्हा करायला लावल्यावर मिसळून शिकलेले सरस ठरले. तो काही तबला नव्हता, लाकडी फळ्या पाडायच्या होत्या, त्यामुळे मी त्याचा फार गवगवा करत नाही. पण एक गोष्ट शिकवताना रोज दिसते: अदलाबदलीचा रियाज त्या दिवशी वाईटच वाटतो. “आज काहीच जमलं नाही” म्हणत माणूस उठतो. तेव्हा त्या दिवसावरून हिशोब करू नका. आठवड्यातून एकदा, हात गरम न करता, त्याच लयीत रेकॉर्ड करा आणि ‘ट’ ऐका.

एक अट मात्र आहे. हात दुखत असेल, म्हणजे दमल्यासारखं नव्हे तर मनगटात किंवा कोपराजवळ कळ येत असेल, तर यातलं काहीही करू नका. आधी बैठक आणि तबल्याची उंची कुणा जाणत्याला दाखवा, तरी कळ राहिली तर डॉक्टरांना.

आमचे बँकवाले गृहस्थ सहा आठवड्यांनी ९६वर स्वच्छ वाजवू लागले. मिनिटाला आठच मात्रा जास्त, पण ‘ट’ ऐकू येत होता. परवा आले तेव्हा चेहरा पडलेला. आता ‘धिरधिर’ ७२च्या पुढे जात नाही म्हणे. मी म्हटलं, आधी तोंडाने म्हणा.