आमची वाटचाल: करवतकाठी आणि तिच्यावरची चिठ्ठी

भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडीकडच्या विणकरांची आमची सहकारी संस्था. विक्रीचं काम मी ठाण्यातून बघते. आमचा माल एकच, करवतकाठी साडी. पोटाला कोसा रेशीम, काठाला रंगीत सूत, आणि दोन्ही भेटतात तिथे करवतीच्या दात्यांची रांग. सुरुवातीची वर्षं सरळ गेली. नौपाड्यातली घरं, शाळांच्या स्टाफरूम, बेलापूरच्या अर्बन हाटमधली प्रदर्शनं, एवढ्यावर माग चालत होते. त्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. लिहायचंय ते साडीला बांधलेल्या चिठ्ठीबद्दल, कारण संस्था बुडायला आली ती चिठ्ठी काढून टाकल्यामुळे.

एका मोठ्या शोरूमने आमचा माल जांगडवर मागितला. नाव घेत नाही, ठाणेकरांना अंदाज येईल. जांगड म्हणजे काय हे कपड्याच्या धंद्यातल्यांना सांगायला नको: विकलं तर पैसे, नाही तर माल परत. आम्ही प्रत्येक साडीला विणकराच्या नावाचं कार्ड दोऱ्याने बांधून दिलं होतं. त्यांनी ती सगळी कार्डं कापली आणि स्वतःच्या नावाची चकचकीत लेबलं लावली. त्यावर विणकर नाही, गाव नाही, आणि धुण्याच्या सूचनेत चक्क लिहिलं होतं की साडी मशीनमध्ये धुता येते.

हे आम्हाला कळलं ते बाईंमुळे. आमच्या पहिल्या गिऱ्हाईक, निवृत्त शिक्षिका, आम्ही सगळे त्यांना बाईच म्हणतो. त्यांच्या भाचीने त्या शोरूममधून आमचीच एक साडी घेतली, लग्नात नेसली आणि लेबलवर विश्वास ठेवून मशीनला टाकली. बाईंनी काठ ओळखला आणि पिशवीत घालून ती साडी माझ्या टेबलावर आणून ठेवली. काठ आखडला होता, पोट मध्ये फुगून लाटा पडल्या होत्या आणि काठाचा लाल रंग कोशावर उतरला होता.

हे का होतं ते नीट सांगते, कारण हे न कळता करवतकाठी विकणारे खूप आहेत. विणताना सूत दिवसेंदिवस मागावर ताणलेलं असतं, वर त्याला खळ दिलेली असते. गरम पाण्यात खळ सुटते, मशीनमध्ये कापड घुसळलं जातं आणि ताणलेलं सूत आपल्या मूळ लांबीकडे परत जातं. कोसा त्या मानाने फारच कमी आखडतो. एकाच साडीत काठ लहान झाला आणि पोट तेवढंच राहिलं, मग लाटा पडणारच. ओलसर करून, काठ हळूहळू ओढत, वर सुती कापड ठेवून इस्त्री फिरवली की थोडं सुधारतं. पूर्ण पहिल्यासारखं होत नाही. भाचीला मी तसंच सांगितलं.

शोरूमने मात्र उलटाच डाव टाकला. माल खराब आहे म्हणून त्यांनी उरलेल्या सगळ्या साड्या परत पाठवल्या आणि विकलेल्यांचे पैसेही अडकवून ठेवले. परत आलेल्या साड्या काचेच्या खिडकीत उन्हात लावलेल्या होत्या. घडीच्या कडेवर रंग उडून पट्टे पडले होते. आम्ही ज्या भावाला दिल्या त्याच्या जवळपास दुप्पट किंमत लेबलांवर छापलेली होती. तेवढ्यात सूतवाल्याची उधारी तोंडावर आली. कोसा उधारीवर मिळणं बंद झालं तसे मागावरचे ताणे संपत गेले आणि नवे चढले नाहीत. रिकामा माग पुन्हा चालू करणं सोपं नसतं. ताणा भरायचा, एकेक धागा फणीतून ओवायचा, त्यात दिवस जातात. काही विणकर मजुरीला निघून गेले. तेव्हाचा राग अजून गेलेला नाही, आणि तो जायला हवा असंही मला वाटत नाही.

त्याच सुमाराला बाजारात यंत्रमागावरची 'करवतकाठी' आली, आमच्या तिसऱ्या हिश्शाच्या किमतीत. गिऱ्हाईक विचारायचं, "ताई, हीच साडी तिकडे इतकी स्वस्त कशी?" तोंडी किती जणांना समजावणार?

म्हणून चिठ्ठी पुन्हा लिहायला बसलो. मी आणि आमचे सगळ्यात जुने विणकर, ज्यांच्याबरोबर संस्था काढली ते काका. मी विचारलं, पुन्हा कोणी कार्ड कापलं तर? काका म्हणाले, "नाव आतच विणून टाकतो ना, ताई." आता नेसताना आत जाणाऱ्या टोकाला ते बोटभर पट्टी विणतात. तिच्यात वेगळ्या रंगाच्या जादा धाग्याने साडीचा क्रमांक असतो. वहीत त्या क्रमांकापुढे विणकराचं नाव, ताणा चढवल्याची तारीख आणि माल कुठे गेला हे लिहिलेलं असतं. पट्टी काढायची तर साडीच कापावी लागते.

कार्डावरचा मजकूर, जो फोटोखालीही आम्ही तसाच टाकतो, तो असा:

"ही साडी भंडारा जिल्ह्यात खड्डा मागावर विणली. विणायला नऊ दिवस लागले, शेजारी एक मदतनीस बसत होता. हिला तीन धोटे लागतात: मधला कोशाचा, दोन्ही बाजूंचे काठाच्या रंगाचे. काठ उलटा करून बघा. काठात उभा आणि आडवा, दोन्ही धागे एकाच रंगाचे दिसतील.

पहिल्या दोन-तीन वेळा ड्रायक्लीन करा. नंतर घरी धुतलीत तर थंड पाणी, सौम्य साबण. भिजत ठेवू नका, पिळू नका, मशीनला टाकू नका. सावलीत पसरून वाळवा. इस्त्री उलट बाजूने, वर सुती कापड ठेवून. पाणी शिंपडू नका, कोशावर थेंबाचे डाग राहतात. अत्तर थेट साडीवर नको. ठेवताना मलमलीत गुंडाळा, प्लास्टिकमध्ये नको. दर काही महिन्यांनी घडी बदला.

किंमत: कोसा व काठाचं सूत २,८०० रुपये, कांड्या भरणं, ताणा करणं, खळ देणं ७०० रुपये, विणकर व मदतनीस ४,२०० रुपये, वाहतूक, दुकान व संस्था १,३०० रुपये. एकूण ९,०००, त्यावर पाच टक्के जीएसटी ४५०. देय ९,४५० रुपये."

वर विणकराचं पूर्ण नाव असतं, इथे देत नाही. त्यांच्याकडे आधीच फोन फार येतात.

यातली प्रत्येक ओळ भांडणातून आली आहे. 'काठ उलटा करून बघा' ही ओळ यंत्रमागाच्या मालासाठी. साध्या यंत्रमागावर एकच आडवा धागा या काठापासून त्या काठापर्यंत सरळ जातो, त्यामुळे काठात पोटाचा रंग मिसळतो आणि काठ मळकट, दुरंगी दिसतो. आमच्याकडे कोशाचा धागा काठापाशी येऊन काठाच्या धाग्यात अडकतो आणि मागे फिरतो. प्रत्येक फेरीत, दोन्ही बाजूंना, हाताने. म्हणून दोन माणसं लागतात आणि म्हणून नऊ दिवस. आता यंत्रमागावरही जादा धागा घालून काठ भरीव दाखवतात. तेव्हा उलट बाजूला कापलेल्या किंवा लोंबणाऱ्या धाग्यांची टोकं दिसतात. आणि हातमागावरही एका धोट्याने साधी साडी विणता येते. ती खोटी नसते, फक्त करवतकाठी नसते आणि तिची किंमतही वेगळी असायला हवी. सरकारची 'हँडलूम मार्क' खूण २००६ पासून आहे आणि ती हवीच. पण ती साडी हातमागाची आहे एवढंच सांगते. कोणी विणली आणि काठ कसा जपायचा, हे विकणाऱ्याने लिहायचं असतं.

किंमत फोडून लिहायला मंडळात बराच विरोध झाला. म्हणे, गिऱ्हाईक ७०० रुपयांवरही घासाघीस करेल. झालं उलट. जे घासाघीस करायचे त्यांना आता नेमकं कशात कमी करायचं ते सांगावं लागतं, आणि '४,२०० मधले कमी करा' असं माणसाच्या तोंडातून सहज निघत नाही. संस्थेच्या १,३०० वर मात्र लोक बोलतात, त्याला आम्ही तयार असतो. ठाण्यातलं भाडं काय आहे ते त्यांनाही ठाऊक असतं.

नव्याने धंदा करणाऱ्यांना सांगते. जांगडवर माल द्याल तर प्रत्येक नगाचा क्रमांक चलनावर लिहून घ्या. चिठ्ठी काढायची नाही आणि उन्हात लावायचं नाही, हे त्यावर सहीनिशी घ्या. परत घ्यायची तारीख टाका. काठ गडद लाल किंवा काळा असेल तर माल देण्याआधी आतल्या बाजूला ओला पांढरा कापूस दाबून बघा. रंग उतरला तर तो नग रंगारीकडे परत पाठवा, पुढे नेऊ नका. आणि 'पारंपरिक कलेचा वारसा' असली वाक्यं कार्डावर छापू नका. तेवढ्या जागेत इस्त्री कशी करायची ते मावतं.

बाईंनी त्या वाईट महिन्यांत काय केलं ते सांगायलाच हवं. त्यांनी भाचीची खराब साडी आणि आमचं नवं कार्ड, दोन्ही घेऊन आपल्या जुन्या सहकारी शिक्षिकांच्या घरी चकरा मारल्या. हे केलं तर असं होतं, हे वाचलं तर होत नाही, एवढंच त्या सांगायच्या. त्यातून आगाऊ मागण्या आल्या, त्या पैशांतून कोसा रोखीने घेतला आणि चार माग पुन्हा चढले. शोरूमकडे अडकलेले पैसे अजून पूर्ण आलेले नाहीत. त्यांचा माणूस मध्यंतरी पुन्हा माल मागायला आला होता. मी त्याला चलनाचा नवा कागद दाखवला. सही न करता तो गेला.

कोशाचा भाव वाढला की पहिला आकडा बदलतो, आणि कार्ड नवं छापतो. जुन्या सुतात विणलेल्या साड्यांवर जुनंच कार्ड राहतं, त्या संपेपर्यंत. म्हणून शेजारी ठेवलेल्या दोन साड्यांच्या किमतीत फरक दिसला, तर आधी आतल्या टोकाची पट्टी बघा आणि मला क्रमांक सांगा. वहीतून ताणा कधी चढवला ते काढून देते.