सातच्या उड्या

"सर, प्रत्येक नंबर भागून बघितला तरी मूळ संख्या सापडतातच की, मग ते चाळणीचं झंझट कशाला?"

सापडतात हो, प्रश्न कष्टाचा आहे. 97 घ्या. 2 ने भागा, नाही जात. 3 ने, नाही. 5, नाही. 7, नाही. तेव्हा कुठे कळतं की मूळ आहे. म्हणजे जी संख्या हवीये तिच्यावरच सगळ्यात जास्त मेहनत, आणि ती पण सगळी "नाही" ऐकण्यात. 98 चा निकाल मात्र पहिल्याच फटक्यात.

आता इराटोस्थेनिसची चाळणी, इसवीसनापूर्वी तिसऱ्या शतकातला हा ग्रीक माणूस, अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख होता. 2 ते 100 लिहून काढा. 2 ला ठेवा, त्याच्या पटी खोडा, मग 3 च्या, मग 5 च्या. 4 आधीच खोडलेला, त्याला विचारायचंच नाही. राहिला 7. त्याचे 14, 21, 28, 35, 42 लहान भावंडांनी आधीच उडवलेत म्हणून सुरुवात थेट 49 पासून आणि पुढे नुसतं सात-सात मिळवत उड्या मारायच्या, 56, 63, 70, 77, 84, 91, 98. यात नवीन बळी तीनच, 49, 77 आणि 91. (91 ला मूळ समजून परीक्षेत मार्क घालवणारे दरवर्षी भेटतात, मीही त्यातलाच.) पुढचा 11, पण 11 चा वर्ग 121, शंभरच्या बाहेर, म्हणून काम संपलं. 25 संख्या उरल्या.

गंमत बघा, 7 हा 50 ते 55 कडे फिरकलाच नाही. जिथे भाग जातो तिथेच उडी पडते, "नाही" हे उत्तर ऐकायची वेळच येत नाही. भागाकारही नाही, नुसती बेरीज. आणि 97 ला कुणी हातच लावला नाही, ती फुकटात मिळाली.

दहा लाखांपर्यंत गेलात की फरक डोळ्यात भरतो. चाळणीत खोडाखोड साधारण 21 लाख वेळा. वर्गमुळापर्यंतच्या प्रत्येक आकड्याने भागत बसलात तर त्यातल्या 78,498 मूळ संख्यांवरच 5 कोटींच्या वर भागाकार.

पोरं कोड लिहितात तेव्हा एक घोळ हमखास असतो, पुढच्या प्रत्येक संख्येला `j % p == 0` विचारतात आणि म्हणतात सर चाळणी केली. ही चाळणी नाही, तोच जुना भागाकार, फक्त वेष बदललेला. आतल्या लूपमध्ये `%` दिसला की समजायचं. खरी उडी अशी:

```python
for j in range(p*p, n+1, p):
    prime[j] = False
```

हां, वीस अंकी एकच संख्या तपासायची असेल तर चाळणी लावू नका, तिथपर्यंतची यादी ठेवायला मेमरी आणणार कुठून.