चक्क्याचं फडकं

काल दुपारी माळ्यावरून ट्रेकची सॅक काढली, तर तळाशी तपकिरी डागांनी रंगलेलं मलमलचं फडकं निघालं. बायको म्हणाली, "फरशीला घेते." मी हिसकावलंच. आमचं कॉफीचं गाळणं आहे ते!

मुळात ते आजीचं चक्क्याचं. दसऱ्याच्या आदल्या रात्री दह्याची पुरचुंडी नळाला टांगलेली असायची आणि खाली टोपात टप... टप... मला धीर नसायचा. हळूच पिळायला जायचो आणि आतून आवाज यायचा, "पिळू नको रे, त्याचं त्याला गळू दे!"

हे वाक्य हरिश्चंद्रगडावर आठवलं, तेही उशिरा. वर एका मावशींच्या झापात मुक्काम होता. त्यांची चूल, आमचा टोप आणि दुकानातून आणलेलं कोरं कापड. कापड आधी उकळून खळ काढायची असते हे कुणाच्या गावी नव्हतं. वर पूड आणली होती घरची, चिकोरी घातलेली, पिठासारखी बारीक. कापडाची भोकं बुजली, थेंब पडेना, म्हणून मी पिळलं. पेल्यात उतरला तो कडू गाळ, त्यातही पेजेची चव.

पुढच्या खेपेला आजीचं फडकं नेलं आणि पूड रव्यासारखी जाडसर दळून घेतली, बिनचिकोरीची. चौघांना पाऊण लिटर पाणी, पोह्याचे आठ चमचे पूड. खाली शहरात पाणी उकळल्यावर टोप उतरवून अर्धा मिनिट थांबतो. गडाची उंची 1,424 मीटर, तिथं पाणी 95 अंशांच्या आसपासच उकळतं, तेव्हा थांबायचं कारण नाही. उतरवायचं, पूड घालायची, एकदाच ढवळून झाकायचं. पुन्हा चुलीवर मात्र ठेवायचं नाही, कडवट होते. चार मिनिटांनी वर चमचाभर गार पाणी शिंपडलं की तरंगणारी पूड बरीचशी तळाला बसते. मग ओलं करून घेतलेल्या फडक्यातून वरचं पाणी सावकाश ओतायचं. शेवटचा घोटभर गाळ टोपातच राहू द्यायचा. त्याचा मोह धरला की मी पुन्हा पिळायला लागतो.

फडकं नुसत्या पाण्यानं धुवायचं. एकदा साबण लावला होता, ती कॉफी कुणीच संपवली नाही.

त्या सकाळी मात्र जमली. लालसर, नितळ, तळाशी कण नाही. कौतुकानं पहिला पेला मावशींना दिला. त्यांनी घोट घेतला, पेल्यात वाकून पाहिलं आणि विचारलं, "ह्यात दूध कधी घालायचं?"

नाही घालायचं म्हटल्यावर त्यांनी पेला बाजूला ठेवला आणि चुलीवर चहाचं आधण चढवलं. पाच कपांचं. कुणी नको म्हटलं नाही.