रिस्क कमिटीत आमचा बॅकअप हिरवा होता, तो लाल कसा झाला

मी अंबडच्या एका ऑटो पार्ट्स कंपनीत सेक्रेटेरियल डिपार्टमेंटला आहे. आमची कंपनी मार्केट कॅपनुसार पहिल्या 1000 लिस्टेड कंपन्यांत येते, त्यामुळे सेबीच्या एलओडीआर रेग्युलेशन 21 प्रमाणे रिस्क मॅनेजमेंट कमिटी लागतेच, आणि त्या कमिटीच्या कामात सायबर सिक्युरिटी नाव घेऊन लिहिलेली आहे. कागदावर सगळं होतं आमच्याकडे. वर्षातून दोन मीटिंगा व्हायच्या, आयटीवाले रिस्क रजिस्टर भरून द्यायचे, रॅन्समवेअरच्या ओळीसमोर "डेली बॅकअप, 8 तासांत रिकव्हरी" असं हिरव्या रंगात असायचं, मी मिनिट्समध्ये "कमिटीने नोंद घेतली" लिहायचे, झालं.

मग एक नवीन इंडिपेंडंट डायरेक्टर आल्या, आधी बँकेत होत्या. पहिल्याच मीटिंगला त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "बॅकअपवरून शेवटचं प्रत्यक्ष उभं कधी केलंत?" आयटी हेड म्हणाले, "मॅडम, बॅकअप रोज सक्सेसफुल येतो." मॅडम म्हणाल्या, "ते नाही विचारलं मी." आणि खरंच, ईआरपी, म्हणजे कंपनीचा सगळा कारभार ज्यावर चालतो ते सॉफ्टवेअर, पूर्ण रिस्टोअर कधी करूनच पाहिलं नव्हतं, ते 8 तास व्हेंडरच्या प्रपोजलमधून उचललेले होते.

ठरलं की सुट्टीच्या शनिवारी ड्रिल करायचं. चालू सर्व्हरला हात लावायचा नाही, वेगळ्या मशिनवर फक्त बॅकअपमधून ईआरपी आणि फाइल सर्व्हर उभे करायचे, आणि घड्याळ इंटर्नल ऑडिटवाल्यांनी लावायचं, आयटीने नाही. सकाळी 8 ला सुरू केलं. डेटाबेस दुपारपर्यंत आला पण ॲप्लिकेशन चढेना, कारण त्याच्या सेटिंगच्या फाइली बॅकअपमध्ये घेतल्याच नव्हत्या, त्या व्हेंडरकडून मागवाव्या लागल्या. मग दिसलं की डेटा बुधवारपर्यंतचाच आहे. रोज जो हिरवा टिक यायचा तो फाइली कॉपी झाल्याचा होता, डेटाबेसच्या लॉगचा जॉब वेगळा होता आणि तो बुधवारपासून फेल होत होता, त्याचा ईमेल नोकरी सोडून गेलेल्या माणसाला जात होता! रविवारी संध्याकाळी 7 ला सिस्टिम उभी राहिली, म्हणजे 35 तास. आमचं ई-वे बिल ईआरपीतूनच निघतं, त्यामुळे तेवढा वेळ चाकणला जाणारे ट्रक गेटवर उभे राहिले असते.

त्याहून वाईट गोष्ट म्हणजे बॅकअप सर्व्हर त्याच डोमेनमध्ये, त्याच ॲडमिन पासवर्डवर होता. रॅन्समवेअरवाले आत शिरले की आधी बॅकअपच शोधतात, म्हणजे आमच्याकडे 35 तासांनीसुद्धा काही उरलं नसतं.

आणि फाइल सर्व्हर उघडला तेव्हा अजून एक सापडलं जे कुठल्याच रजिस्टरमध्ये नव्हतं. एचआरच्या शेअर्ड फोल्डरमध्ये कॉन्ट्रॅक्ट कामगारांच्या आधारचे, बँक पासबुकचे स्कॅन, कितीतरी जण काम सोडून गेलेले, आणि फोल्डर जवळपास सगळ्या ऑफिसला उघडा. मला ते बघून फार वाईट वाटलं, ती माणसं विश्वासाने कागद देऊन गेली होती. डेटा प्रोटेक्शन कायद्यात, म्हणजे 2023 च्या डीपीडीपी ॲक्टमध्ये, योग्य सुरक्षा ठेवली नाही तर दंड 250 कोटींपर्यंत आहे. रूल्स नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्यांना 18 महिन्यांची मुदत आहे, म्हणून एचआर म्हणत होतं पुढे बघू. पण चोरी मुदत बघून होत नाही. सरसकट डिलीटही करता येईना, कारण पगाराची रजिस्टरं कामगार कायद्यांसाठी ठेवावीच लागतात. मग रेकॉर्ड वेगळं काढलं, फोल्डर दोन जणांपुरता बंद केला, आणि गेलेल्या लोकांचे जे स्कॅन कुठल्याच कायद्याला लागत नव्हते ते काढले, जुन्या बॅकअपमधल्या प्रती त्यांची मुदत संपली की जातील.

पुढच्या मीटिंगला मी 22 पानांचं प्रेझेंटेशन न नेता एक पान नेलं. दावा 8 तास, प्रत्यक्ष 35, तीन दिवसांचा डेटा गेला असता, रंग लाल. त्यावर पहिल्यांदा कमिटीने खरे निर्णय घेतले. ईआरपी जास्तीत जास्त 24 तास बंद चालेल, हा आकडा बोर्डाने मंजूर करायचा. बॅकअपचं खातं वेगळं आणि एक प्रत नेटवर्कबाहेर. दर तिमाहीला ड्रिल, रिपोर्ट ऑडिटकडून. रात्री काही दिसलं तर नेटवर्क तोडायचा अधिकार शिफ्टच्या आयटी माणसाला, एमडींना फोन लागायची वाट बघायची नाही, कारण सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेला कळवायचे 6 तास घटना लक्षात आल्यापासून मोजतात.

दुसरं ड्रिल 19 तासांत झालं. आयटी हेडनी खूश होऊन ओळ हिरवी करून पाठवली. मी फोन करून विचारलं, "सर, नेटवर्कबाहेरच्या प्रतीवरून केलं का?" तर नाही, नेहमीच्याच बॅकअपवरून केलं होतं. म्हणून बोर्डाकडे ती ओळ पिवळीच गेली आहे, आणि तिसरं ड्रिल त्या बाहेरच्या प्रतीवरून आहे.